मुखपृष्ठ आधी मोजा, मग चित्र मागा



मागच्या वर्षी आमच्या चौथीच्या मुलांनी घरी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी लिहून काढल्या. त्यांचं छोटं पुस्तक करायचं ठरलं. नाव ठेवलं ‘आमच्या गावच्या गोष्टी’. आकार ए-५, म्हणजे १४८ मिलिमीटर रुंद आणि २१० मिलिमीटर उंच. पृष्ठे ९६, प्रती १५०. मुखपृष्ठाचं चित्र मी एआयकडून करून घेतलं. लिंबाचं झाड, पारावर बसलेली आजी, भोवती मुलं. चित्र मोबाईलवर इतकं छान दिसत होतं की स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वाहवा केली.

दहा दिवसांनी बाइंडिंगवाल्या दादांचा फोन आला. “मॅडम, पहिल्या दोन प्रती बांधल्यात. एकदा येऊन बघून जा, मग पुढचं बांधतो.” गेले. पुस्तकाच्या कण्याची हिरवी पट्टी कण्यावर मावली नव्हती, ती मुखपृष्ठावरही आली होती आणि मागच्या बाजूलाही. आजी अर्धीच उरली होती. आणि खाली उजवीकडे लिहिलेल्या ‘इयत्ता चौथी’ मधली शेवटची वेलांटी कटिंगमध्ये गेली होती. ज्या वर्गानं पुस्तक लिहिलं, त्याच वर्गाचं नाव कापलेलं.

प्रेसची काहीच चूक नव्हती. त्यांनी मी दिलेली फाइल जशीच्या तशी छापली होती. दीडशे कव्हरं पुन्हा छापावी लागली आणि तो खर्च आम्ही शिक्षकांनी वाटून घेतला.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय. एआयचं चित्र वापरावं की नाही यावर आपण शिक्षक गटांमध्ये तावातावाने बोलतो. पण वापरायचंच असेल तर पहिलं काम चित्र मागणं नाही, पहिलं काम माप काढणं आहे. चित्रकाराला काम दिलं तर तो आधी विचारतो, “साइज काय? नाव कुठे येणार? कणा किती?” यंत्र यातलं काहीच विचारत नाही. ते चित्र देतं, मुखपृष्ठ देत नाही. चित्रकार विचारायचा ते प्रश्न आता आपणच स्वतःला विचारायचे आहेत.

सुरुवात कण्यापासून करते, कारण माझी मुख्य चूक तिथेच होती.

कणा म्हणजे पुस्तक कपाटात उभं ठेवल्यावर दिसणारी कड. प्रेसमध्ये त्याला स्पाइन म्हणतात. मधोमध पिना मारलेल्या पातळ पुस्तकाला कणा नसतोच, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. आमचं पुस्तक परफेक्ट बाइंडिंगचं होतं, म्हणजे पानांच्या गठ्ठ्याला मागून गोंद लावून त्यावर कव्हर चिकटवलेलं. अशा पुस्तकाच्या कण्याची रुंदी म्हणजे आतल्या कागदांची एकूण जाडी अधिक कव्हरच्या दोन बाजूंची जाडी. गणित चौथीचंच आहे. पण मराठीत एक गंमत आहे. आपण बोलताना ‘पान’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो. “पान नंबर बारा काढा” म्हणतो तेव्हा ते पृष्ठ असतं आणि “वहीचं पान फाडू नको” म्हणतो तेव्हा तो अख्खा कागद असतो, ज्याला दोन बाजू आहेत. मी ९६ ला कागदाच्या जाडीनं गुणलं. खरं तर ९६ पृष्ठे म्हणजे कागद ४८ च.

आमचा कागद ७० जीएसएमचा मॅपलिथो होता. त्याची जाडी साधारण ०.०९ मिलिमीटर. माझ्या हिशोबानं ९६ गुणिले ०.०९ म्हणजे सुमारे साडेआठ आणि कव्हरचे अर्धा, मिळून ९ मिलिमीटर. खरा हिशोब ४८ गुणिले ०.०९ म्हणजे ४.३, त्यात कव्हरच्या दोन्ही बाजूंचे मिळून अर्धा मिलिमीटर, म्हणजे पुस्तक दाबल्यावर जेमतेम ५. चार मिलिमीटरचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही. पण कव्हर गुंडाळताना तो दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर असा वाटला गेला. कण्याची हिरवी पट्टी दोन मिलिमीटर पुढे आली, पुढचं सगळं चित्र तितकंच उजवीकडे सरकलं आणि उजव्या कडेला तेवढंच जास्त कापलं गेलं. माझी ओळ कडेपासून तीनच मिलिमीटर आत होती. त्यातले दोन असे गेले, उरलेला एक कटिंगच्या सरकण्यात. वेलांटी गेली.

जीएसएम वजनावर असतो, जाडीवर नाही. त्यामुळे एकाच जीएसएमचे दोन कागद जाडीला वेगळे निघू शकतात. म्हणून पुस्तकातला आकडा वापरू नका. प्रेसमधून त्याच कागदाची शंभर पानं, अर्थात शंभर कागद, मागून घ्या, हातानं घट्ट दाबा आणि पट्टीनं मोजा. ९ मिलिमीटर भरले तर एका कागदाची जाडी ०.०९. अजून सोपं म्हणजे प्रेसवाल्यांना त्याच कागदाची कोरी डमी करून द्यायला सांगा. बहुतेक जण आनंदानं देतात, आपणच मागत नाही. आणि हे माप पृष्ठसंख्या पक्की झाल्यावरच काढा. शेवटच्या क्षणी दोन गोष्टी वाढल्या की कणाही वाढतो.

पाच मिलिमीटरच्या कण्यावर नाव लिहायचं का? माझं मत, नाही. दोन्हीकडे दीड-दीड मिलिमीटर सोडावेच लागतात, म्हणजे अक्षराला उरतात दोन. इंग्रजी मोठी अक्षरं त्यात कशीबशी बसतील. आपल्या लिपीत वर वेलांटी, मात्रा, खाली उकार. ‘गोष्टी’ हा शब्द दोन मिलिमीटरमध्ये बसवला तर तो वाचता येत नाही, मुंगी चालल्यासारखा दिसतो. कोरा कणा वाईट दिसत नाही.

आता ब्लीड. कटिंग मशीन पुस्तकांचा गठ्ठा एकदम कापतं. गठ्ठ्यातला एखादा कागद एक-दीड मिलिमीटर सरकलेला असतोच. चित्र बरोबर कापायच्या रेषेपर्यंतच असेल तर त्या सरकलेल्या प्रतीच्या कडेला पांढरी चिरी दिसते. म्हणून चित्र कापण्याच्या रेषेच्या बाहेर ३ मिलिमीटर जास्त ठेवतात. ते जास्तीचं म्हणजे ब्लीड. ते कापून फेकून द्यायचंच असतं. जसं बाहेर ३ जास्त, तसंच आतल्या बाजूला अक्षरांसाठी सुरक्षित अंतर ठेवायचं. मी आता १० मिलिमीटर ठेवते, त्याच्या आत कुठलंही अक्षर किंवा चेहरा जाऊ देत नाही.

म्हणजे आमच्या पुस्तकाच्या पूर्ण कव्हरचं माप असं झालं. मागची बाजू १४८, कणा ५, पुढची बाजू १४८, डावी-उजवीकडे ब्लीडचे ३ आणि ३. एकूण रुंदी ३०७. उंची २१० अधिक वर-खाली ३ आणि ३, म्हणजे २१६. कव्हर उताणं पसरलं की मागची बाजू डावीकडे आणि पुढची उजवीकडे येते, हेही पहिल्यांदा करणारा बरोबर उलटं करतो.

इथे यंत्राच्या चित्राची खरी अडचण सुरू होते.

माझं चित्र चौकोनी होतं, १०२४ बाय १०२४ पिक्सेल. पुढची बाजू मात्र उभी. चौकोनी चित्र २१६ मिलिमीटर उंचीला भरलं की त्याची रुंदीही २१६ होते आणि आपल्याला लागते १५१. म्हणजे ६५ मिलिमीटर, जवळजवळ एक-तृतीयांश चित्र कापावं लागतं. अर्धी आजी तिथेच गेली, प्रेसला जायच्या आधीच. मी मोबाईलवर बोटांनी चित्र मोठं करून बसवलं होतं, माझ्या ते लक्षातही आलं नाही.

दुसरं, छपाईसाठी साधारण एका इंचात ३०० पिक्सेल असावेत असं धरतात. १०२४ पिक्सेल ३०० नं भागले तर साडेतीन इंचही होत नाहीत. म्हणजे ते चित्र खरं पाहता पोस्टकार्डापेक्षाही लहान होतं. मी ते साडेआठ इंच उंचीला ताणलं, तेव्हा एका इंचाला उरले १२०. पानं धूसर, मुलांचे डोळे पुसल्यासारखे. मोबाईलच्या स्क्रीनवर हे कळत नाही, कारण स्क्रीनच लहान असते.

चित्र मोठं करून देणारी साधनं आहेत आणि मी ती वापरते. पण ती नवे पिक्सेल अंदाजानं भरतात. जलरंगासारख्या मऊ चित्रात ते खपून जातं. चेहरे, बोटं, साडीचे काठ इथे मात्र विचित्र गोष्टी दिसायला लागतात, आजीच्या हाताला सहावं बोट वगैरे. त्यामुळे मोठं केल्यावर चित्र पुन्हा नव्यानं, कोपऱ्या-कोपऱ्यानं तपासायचं. शाळेच्या प्रिंटरवर फक्त पुढची बाजू साध्या ए-४ वर छापून बघा. छापताना `Fit` नको, `Actual size` निवडा, नाहीतर प्रिंटर गुपचूप माप बदलतो. मग तो कागद हातभर अंतरावर धरा, मुलं पुस्तक धरतात तसा. धूसरपणा तिथे लगेच कळतो.

काही जण ब्लीडसाठी चित्र फक्त रुंदीत थोडं ओढतात. मुलांची तोंडं पसरट होतात, असं करू नका. पूर्ण चित्र प्रमाणात मोठं करा किंवा कडेचं आकाश, जमीन वाढवून घ्या. वाढवून घेतलेल्या भागात तेच झुडूप तीनदा येतं का ते बघा, यंत्राला ही खोड आहे. आणखी एक खोड म्हणजे चित्राला स्वतःहूनच चौकट काढणं. स्क्रीनवर ती शोभते. पण कटिंग एक मिलिमीटर जरी सरकलं तरी चौकट एका बाजूला जाड आणि दुसरीकडे बारीक दिसते, आणि बघणाऱ्याला पुस्तक वाकडं कापलंय असं वाटतं. चौकटीचं चित्र मी घेतच नाही.

संपूर्ण कव्हरभर, मागून पुढपर्यंत एकच चित्र घ्यावं का, असं आमच्या शाळेतल्या सरांनी विचारलं होतं. मी त्याच्या विरोधात आहे. यंत्राला कणा कुठे येणार हे माहीत नसतं. बरोबर घडीवर एखाद्या मुलाचं नाक येतं. मी दुसऱ्या खेपेला वेगळा मार्ग काढला, आणि तो जुन्या जमाखर्चाच्या वह्यांवरून सुचला. त्या वह्यांच्या कण्याला कापडी पट्टी असायची आणि ती पुठ्ठ्यावरही थोडी आलेली असायची. तसंच केलं. मागची बाजू आणि कणा एकाच गडद हिरव्या रंगाचे ठेवले आणि तो रंग मुद्दाम पुढच्या बाजूवर १० मिलिमीटर आणला. चित्र त्याच्यापुढे सुरू. आता रंगांची सीमा घडीवर नाहीच, त्यामुळे कणा एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी कुणाला कळत नाही. कव्हर उघडताना कण्याजवळ जी दुमड पडते तीही या पट्टीत जाते, चित्रावर येत नाही.

याचा आणखी एक फायदा झाला जो मी ठरवला नव्हता. पट्टीचे १० वजा केले आणि उजव्या ब्लीडचे ३ मिळवले की चित्राला जागा राहते १४१ बाय २१६. हे जवळजवळ दोनास तीन प्रमाण आहे, आणि १०२४ बाय १५३६ असं उभं चित्र बरोबर याच प्रमाणात मिळतं. रुंदीत फक्त तीनेक मिलिमीटर कापावे लागले. इंचाला १८० पिक्सेल मिळाले, ते दुप्पट करून घेतल्यावर छपाई स्वच्छ आली. आधी माप, मग चित्र, म्हणजे असं.

आता नाव, अर्थात शीर्षक. मी पहिल्यांदा यंत्रालाच सांगितलं होतं, “वर मराठीत नाव लिही.” जे आलं ते लांबून मराठी वाटत होतं. जवळून बघितलं तर ‘ष्ट’ च्या जागी कुठलंच जोडाक्षर नव्हतं, शिरोरेषा मध्येच तुटलेली आणि ‘च’ ला शेपूट. हल्ली काही साधनं बरीच बरोबर अक्षरं काढतात हे खरं. तरी मी घेणार नाही. एक तर ती अक्षरं चित्राचा भाग असतात, एक मात्रा चुकली तरी खोडता येत नाही. दुसरं म्हणजे चित्रातली अक्षरं छपाईत कडेला मऊ होतात, टाइप केलेली अक्षरं धारदार येतात. आणि आपण पहिलीपासून मुलांना ‘ल’ आणि ‘श’ ची मराठी वळणं शिकवतो, २००९ च्या शासन निर्णयात ती दिलेली आहेत. मुलांच्याच पुस्तकावर यंत्रानं काढलेलं हिंदी वळणाचं ‘ल’ का असावं? नाव स्वतः टाइप करा. मुक्त आणि बलू हे एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे फॉन्ट मोफत आहेत. बलू गोलसर आहे, लहान मुलांच्या पुस्तकाला शोभतो. मराठी वळणंच हवी असतील तर टिरो देवनागरी मराठी बघा.

नावासाठी चित्रात जागा लागते, आणि यंत्र जागा ठेवत नाही. त्याला सगळा कागद भरायचा असतो, पानं, फुलं, पक्षी, ढग. म्हणून मागतानाच सांगायचं की वरचा एक-तृतीयांश भाग मोकळं, एकाच रंगाचं आकाश हवं, त्यात फांद्या नकोत. फांद्या नकोत हे मी मुद्दाम सांगते. पहिल्या चित्रात नावाच्या मागे एक आडवी फांदी होती. आपल्या अक्षरांना वर शिरोरेषा असते. ती फांदी आणि शिरोरेषा एकमेकींत मिसळली आणि ‘गोष्टी’ झाडाला टांगल्यासारखं दिसायला लागलं. विजेच्या तारा, छपराची कड, क्षितिजाची रेघ, कुठलीही आडवी रेघ देवनागरी नावामागे नको. इंग्रजी पुस्तकांच्या सल्ल्यांमध्ये हे सापडणार नाही, कारण त्यांना शिरोरेषाच नाही.

जागा मिळालीच नाही तर नावामागे सरळ एका रंगाची पट्टी टाका. अक्षरांना जाड पांढरी किनार देण्याचा मोह होतो, मीही दिली होती. तिनं ‘ष्ट’ ची पोकळी भरून टाकली.

नाव मध्यभागी ठेवतानाही एक बारीक चूक होते. कॉम्प्युटर ब्लीडसकट मध्य काढतो. १५१ चा मध्य आणि १४८ चा मध्य यांत दीड मिलिमीटरचा फरक पडतो, आणि कापल्यावर नाव उजवीकडे सरकलेलं दिसतं. मध्य नेहमी कापल्यानंतर उरणाऱ्या भागाचा काढा. आमच्या पुस्तकात तर पट्टी सोडून उरलेल्या १३८ चा काढला, कारण डोळ्याला तोच चौकोन दिसतो.

शेवटी फाइल देताना पीडीएफच द्या आणि त्यात फॉन्ट आतच राहतील असं बघा. उघडी फाइल दिली आणि प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, किंवा कोरेलची आवृत्ती जुनी असली, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. रंगही स्क्रीनपेक्षा मंद येतात, विशेषतः यंत्राला आवडतो तो चमकणारा पोपटी. त्यामुळे सगळी छापायच्या आधी एक कव्हर छापून, कापून, कोऱ्या डमीवर गुंडाळून बघायला मागा. बाइंडिंगवाल्या दादांनी पहिल्या दोन प्रती दाखवल्या म्हणून आमची आतली पानं वाचली, नाहीतर दीडशेही प्रती बांधून झाल्या असत्या.

आमच्या शाळेत एक ताई म्हणाल्या, “एवढा खटाटोप करण्यापेक्षा मुलांचंच चित्र घ्या ना.” मला ते पटतं, आणि यंदा घेणारही आहे. पण मुलाच्या चित्रालाही कणा मोजावा लागतो, ब्लीड लागतं आणि नावाला जागा लागते. फरक इतकाच की मुलाला मी आधीच ए-५ पेक्षा थोडा मोठा कागद आखून देऊ शकते आणि सांगू शकते, “बाळा, वर तीन बोटं आकाश ठेव, तिथे नाव लिहायचंय.” मुलं ठेवतात. गेल्या पुस्तकाच्या आतल्या पानावर, जिथे मुद्रकाचं नाव असतं तिथे, मुखपृष्ठाचं चित्र यंत्रानं केलेलं आहे असं आम्ही लिहिलंय. एका पालकांनी विचारलं, हे कशाला लिहिलं? म्हटलं, उद्या कुणीतरी विचारेल ना, चित्र कोणत्या मुलाचं म्हणून.

पहिल्या खेपेची ती चुकलेली कव्हरं मी टाकली नाहीत. चौथीच्या मापनाच्या तासाला वाटते. मुलं पट्टी घेऊन हिरवी पट्टी किती सरकली ते मोजतात. गेल्या आठवड्यात एकीनं विचारलं, “बाई, तुम्ही पानं मोजली का पृष्ठं?”